हीप फाइल की सॉर्टेड फाइल: पेज मोजून खर्च कसा काढायचा

डेटाबेस शिकायला सुरुवात केली की एक वाक्य हमखास कानावर पडतं: हीप फाइलमध्ये इन्सर्ट स्वस्त आणि शोध महाग, सॉर्टेड फाइलमध्ये शोध स्वस्त आणि इन्सर्ट महाग. वाक्य खोटं नाही, पण ते पाठ करून भागत नाही. किती स्वस्त, किती महाग, आणि कुठल्या अटीवर, हे स्वतः मोजल्याशिवाय कळत नाही. मोजायला घेतलं की दोन-तीन ठिकाणी ते वाक्य चक्क डगमगतं. या लेखात आपण एकच फाइल घेऊ आणि तिच्यावरच सगळा हिशेब करू. कागद-पेन जवळ ठेवा, आकडे सोपे आहेत.

आधी काय मोजायचं ते ठरवू

डिस्कवरून एक नोंद हवी असली तरी डेटाबेस एकटी नोंद आणत नाही, ती नोंद ज्या पेजवर आहे ते सबंध पेज आणतो. पेज म्हणजे ठरावीक मापाचा तुकडा. पोस्टग्रेसमध्ये तो मुळात ८ केबीचा असतो, मायएसक्यूएलच्या इनोडीबीमध्ये १६ केबीचा. पेज मेमरीत आलं की त्यातल्या वीस-पंचवीस नोंदी चाळायला लागणारा वेळ डिस्कच्या वेळेपुढे नगण्य असतो. म्हणून आपला नियम असा: एक पेज वाचलं की एक अ‍ॅक्सेस, एक पेज परत लिहिलं की आणखी एक. मेमरीत जे घडतं ते फुकट धरायचं.

हीप फाइल म्हणजे नोंदी कुठल्याही क्रमाशिवाय ठेवलेली फाइल. जागा सापडेल तिथे नोंद जाते. (डेटा स्ट्रक्चरच्या तासाला शिकलेल्या हीपशी, म्हणजे झाडासारख्या त्या रचनेशी, हिचा काही संबंध नाही. नाव एकच असल्यामुळे पुष्कळांचा इथे गोंधळ होतो.) सॉर्टेड फाइल म्हणजे एका ठरावीक फील्डच्या चढत्या क्रमाने लावलेली फाइल. आपल्या उदाहरणात ते फील्ड म्हणजे नोंदीचा क्रमांक.

आपली फाइल बांधू

समजा १,००,००० नोंदी आहेत आणि प्रत्येक नोंद २०० बाइटची आहे. पेज ४,०९६ बाइटचं घेऊ. ४,०९६ ला २०० ने भागलं तर २०.४८ येतं, पण नोंद दोन पेजांत तोडायची नाही असं ठरवलंय, म्हणून एका पेजवर २० नोंदी. उरलेले ९६ बाइट पेजच्या हेडरला गेले. १,००,००० भागिले २० म्हणजे ५,००० पेजं. सूत्रांमध्ये या संख्येला `B` म्हणतात. पुढचा सगळा हिशेब या ५,००० भोवती फिरणार आहे.

नवशिक्यांची पहिली चूक इथेच होते. नोंदींची संख्या आणि पेजांची संख्या यांची गल्लत होते आणि उत्तर वीस पट चुकतं. खर्च काढायला बसलात की सर्वात आधी `B` काढा, मगच पुढे जा.

शोध: हीपमध्ये

४२,४२४ क्रमांकाची नोंद हवी आहे. हीपमध्ये ती कुठे असेल याचा काहीच सुगावा नाही, म्हणून पहिल्या पेजपासून वाचत जायचं. नशीब चांगलं असेल तर पहिल्याच पेजवर सापडेल, वाईट असेल तर पाच हजाराव्या. सरासरी निम्म्या वाटेत, म्हणजे २,५०० अ‍ॅक्सेस.

मात्र हा आकडा दोन अटींवर उभा आहे. एक, ती नोंद फाइलमध्ये आहे. दोन, त्या क्रमांकाची नोंद एकच आहे आणि हे आपल्याला ठाऊक आहे. नोंद नसेलच, तर ‘नाही’ हे उत्तर देण्यासाठी सगळी ५,००० पेजं वाचावी लागतात. आणि एकाच मूल्याच्या अनेक नोंदी असू शकत असतील, उदाहरणार्थ नावाने शोध, तर पहिली सापडल्यावरही थांबता येत नाही. तेव्हाही ५,०००. परीक्षेत काय किंवा कामात काय, `B/2` लिहिण्याआधी या दोन अटी तपासायची सवय लावून घ्या.

शोध: सॉर्टेड फाइलमध्ये

इथे बायनरी सर्च चालतो, पण तो पेजांवर चालवायचा, नोंदींवर नव्हे. मधलं पेज उघडा. हवा असलेला क्रमांक त्या पेजच्या पहिल्या नोंदीहून लहान असेल तर डावीकडच्या अर्ध्यात जा, शेवटच्या नोंदीहून मोठा असेल तर उजवीकडे. दोन्हींच्या मध्ये असेल तर नोंद याच पेजवर आहे, किंवा फाइलमध्ये नाहीच.

```python
def find(pages, key):
    lo, hi, reads = 0, len(pages) - 1, 0
    while lo <= hi:
        mid = (lo + hi) // 2
        page = pages[mid]
        reads += 1
        if key < page[0]:
            hi = mid - 1
        elif key > page[-1]:
            lo = mid + 1
        else:
            return key in page, reads
    return False, reads

pages = [list(range(i*40, i*40 + 40, 2)) for i in range(5000)]
print(find(pages, 42424))
print(find(pages, 42425))
```

ही यादी ५,००० पेजांची आहे, प्रत्येक पेजवर २० सम क्रमांक. विषम क्रमांक मुद्दाम गाळलेत, म्हणजे न सापडणारा शोधही करून पाहता येतो. कुठलाही क्रमांक द्या, `reads` कधीही १३ च्या पुढे जाणार नाही, कारण २ चा तेरावा घात ८,१९२ हा ५,००० हून मोठा आहे आणि बारावा घात ४,०९६ कमी पडतो. सापडणाऱ्या शोधांची सरासरी काढलीत तर ती ११.४ च्या आसपास येते. हिशेबासाठी आपण १३ धरू.

इथे एक शंका येते: नोंदी तर एक लाख, मग बायनरी सर्चला १७ पायऱ्या लागायला हव्यात ना? लागतातच. पण शेवटच्या चार-एक पायऱ्या एकाच पेजच्या पोटात पडतात, आणि ते पेज आधीच मेमरीत आलेलं असतं. अ‍ॅक्सेस तेराच.

हीपहून मोठा फरक पडतो तो नोंद नसताना. सॉर्टेड फाइल ‘नाही’ हे उत्तरही १३ अ‍ॅक्सेसमध्ये देते, हीपला त्यासाठी ५,००० लागतात. आणि क्रमांकांच्या पट्ट्याचा शोध असेल, समजा सलग १,००० नोंदी हव्यात, तर १३ मध्ये सुरुवात गाठायची आणि पुढची पन्नासेक पेजं ओळीने वाचायची. एकूण ६०-६५. हीपला पुन्हा ५,०००.

दोन मर्यादा मात्र ध्यानात ठेवाव्या लागतात. पेज क्रमांकावरून थेट त्या पेजवर उडी मारता आली पाहिजे. पेजं एकमेकांना साखळीसारखी जोडलेली असतील, म्हणजे पुढच्याचा पत्ता फक्त मागच्याकडे असेल, तर ‘मधलं पेज’ गाठायलाच अर्धी साखळी चालावी लागते आणि बायनरी सर्चचा सगळा फायदा पाण्यात जातो. दुसरी मर्यादा: क्रम एकाच फील्डचा असतो. फाइल क्रमांकाने लावलेली आहे आणि शोध तारखेने करायचाय, तर सॉर्टेड फाइल ही आपल्यासाठी हीपच. ५,०००.

इन्सर्ट: हीपचे दोन अ‍ॅक्सेस आणि त्यामागे लपलेली अट

हीपमध्ये नवी नोंद टाकायची तर शेवटचं पेज वाचा, त्यात नोंद ठेवा, पेज परत लिहा. एक वाचन, एक लेखन, एकूण २. फाइल कितीही मोठी होवो, आकडा २ च राहतो.

पण क्रमांक अनन्य असायला हवा, एकच क्रमांक दोन नोंदींना चालणार नाही, असा नियम असेल तर? बहुतेक खऱ्या फाइलींमध्ये तो असतोच. मग नोंद टाकण्याआधी ती आधीपासून नाही ना, हे पाहावं लागतं. तो म्हणजे न सापडणारा शोध, अर्थात ५,००० वाचनं. ती करता करता शेवटचं पेज हातात आलेलंच असतं, त्यात नोंद ठेवून एक लेखन. एकूण ५,००१.

हा आकडा वहीत मोठ्या अक्षरात लिहून ठेवण्याजोगा आहे. ‘हीपमध्ये इन्सर्ट स्वस्त’ हे फक्त तपासणी नसेल तर, किंवा तपासणीसाठी वेगळा इंडेक्स असेल तरच खरं. नुसत्या हीपवर अनन्यतेचा नियम लावला की स्वस्ताई संपली.

इन्सर्ट: सॉर्टेड फाइलचं सरकवणं

आता सॉर्टेड फाइलकडे वळू. ते नीट दिसावं म्हणून क्षणभर पेजवर तीनच नोंदी आहेत असं धरा:

```
[10 20 30] [40 50 60] [70 80 90]
```

२५ टाकायचाय. तो पहिल्या पेजवर बसतो, पण तिथे जागा नाही, म्हणून ३० बाहेर पडतो. ३० दुसऱ्या पेजच्या सुरुवातीला जातो आणि ६० ला बाहेर ढकलतो. ६० तिसऱ्यावर जातो, ९० बाहेर पडतो, त्याच्यासाठी नवं पेज लागतं:

```
[10 20 25] [30 40 50] [60 70 80] [90]
```

एक नोंद आली आणि तिच्यापुढचं प्रत्येक पेज वाचावं लागलं, लिहावंही लागलं. आपल्या मोठ्या फाइलमध्ये नवी नोंद सरासरी मध्यावर पडते, म्हणजे तिच्यापुढे २,५०० पेजं. प्रत्येकी एक वाचन आणि एक लेखन, झाले ५,०००. त्यात जागा शोधायचे १३ मिळवा: ५,०१३. अनन्यतेची तपासणी या १३ मध्येच उरकली, तिचे वेगळे पैसे नाहीत.

दोन्ही आकडे शेजारी ठेवा. अनन्य क्रमांकाची तपासणी असेल तर हीपचं इन्सर्ट ५,००१ आणि सॉर्टेडचं ५,०१३. जवळजवळ बरोबरी. ज्या एका गोष्टीत हीप जिंकते असं आपण ऐकत आलो, तिथेच बरोबरी, आणि शोधात तर सॉर्टेड फाइल मैलभर पुढे.

तपासणी नको असेल तेव्हा चित्र वेगळं दिसतं: २ विरुद्ध ५,०१३. पण तेव्हाही निकाल वाटतो तितका एकतर्फी नाही. समजा दर इन्सर्टमागे `s` इतके यशस्वी शोध होतात. हीपचा खर्च `2500s + 2`, सॉर्टेडचा `13s + 5013`. दोन्ही समान करून `s` काढला तर तो २ च्या किंचित वर येतो. म्हणजे एका इन्सर्टमागे तीन शोध होत असले तरी सॉर्टेड फाइल एकूणात स्वस्त पडते. हे ५,००० पेजांपुरतंच नाही. हीपचा शोध `B/2`, सॉर्टेडचं सरकवणं `B`, त्यामुळे मोठ्या फाइलीत गुणोत्तर नेहमी दोनच्या जवळच राहतं. सरकवण्याच्या भीतीने सॉर्टेड फाइल टाळणारे पुष्कळ दिसतात. त्यांनी हे एक समीकरण एकदा सोडवून पाहावं.

एक खास प्रसंगही सांगतो. नवा क्रमांक नेहमी आधीच्या सर्वांहून मोठाच असेल, जसं लॉगमध्ये वेळेचं असतं, तर नोंद शेवटीच जाते. शेवटचं पेज वाचून खात्री करायची, नोंद ठेवायची, लिहायचं: २ अ‍ॅक्सेस. काही सरकवायचं नाही. येण्याच्या क्रमाने भरत गेलेली आणि कधीही मधली जागा न वापरणारी हीप फाइल ही वेळेच्या दृष्टीने आपोआप सॉर्टेडच असते, हे त्यावरून लक्षात येईल.

डिलीट

हीपमधून नोंद काढायची तर आधी ती शोधायची, सरासरी २,५०० वाचनं, मग पेजमधून पुसून परत लिहायचं, आणखी १. एकूण २,५०१. म्हणजे पुसणं स्वस्त, शोधणंच महाग. नोंदीचा पत्ता, म्हणजे पेज क्रमांक आणि त्यातली जागा, आधीच ठाऊक असेल तर हेच काम २ अ‍ॅक्सेसमध्ये होतं.

हीपची खरी कुरबुर नंतर सुरू होते. पुसलेल्या जागी भोक राहतं. नव्या नोंदी नेहमी शेवटच्या पेजवर जात असतील तर ती भोकं कधीच भरत नाहीत. दहातल्या नऊ नोंदी पुसल्या तरी पेजं ५,००० च राहतात, आणि १०,००० नोंदींची फाइल चाळायला एक लाखाच्या फाइलीइतकाच खर्च येतो. म्हणून डेटाबेस मोकळ्या जागेची नोंद वेगळी ठेवतात. पोस्टग्रेसमध्ये तिला फ्री स्पेस मॅप म्हणतात. नवी नोंद मग जुन्या भोकात जाते. पण त्यासाठी तो मॅप वाचावा लागतो, कधी बदलावाही लागतो, म्हणजे २ चा आकडा थोडा वाढतो.

सॉर्टेड फाइलमध्ये शोध १३. पुसल्यावर भोक लगेच भरायचं म्हटलं तर इन्सर्टच्या उलट दिशेने तेच: पुढच्या २,५०० पेजांतून एकेक नोंद मागे ओढा, ५,००० अ‍ॅक्सेस, एकूण ५,०१३. पाठ्यपुस्तकी हिशेबात हाच आकडा येतो. प्रत्यक्षात मात्र असं करण्याची काही गरज नसते. नोंदीवर ‘पुसली’ अशी खूण करा, पेज परत लिहा, झालं. १३ अधिक १, म्हणजे १४. खूण केलेली नोंद क्रम बिघडवत नाही, तिचा क्रमांक बायनरी सर्चला दिशा दाखवायला अजूनही उपयोगी पडतो. डिलीटमध्ये सॉर्टेड फाइल हीपला अशी मागे टाकते की ती महाग का म्हणायची असा प्रश्न पडावा. अट एवढीच की खुणा साचत जातात आणि कधीतरी झाडलोट करावी लागते.

सरकवणं टाळायचं कसं

आता राहिला तो ५,०१३ चा इन्सर्ट. माझ्या मते या विषयातली सर्वात शिकण्यासारखी गोष्ट इथे आहे.

पहिला सुचणारा उपाय म्हणजे प्रत्येक पेजवर थोडी जागा मोकळी सोडणं. २० ऐवजी १६ नोंदी ठेवल्या तर पेजं ६,२५० होतात. शोध तरीही १३ मध्येच, इन्सर्ट १४ मध्ये. फाइल सबंध चाळायची वेळ आली तर मात्र १,२५० पेजं जास्त वाचावी लागतात. हा उपाय पेज भरेपर्यंत टिकतो. नव्या नोंदी एकाच पट्ट्यात गर्दी करून आल्या तर तिथली पेजं भराभर भरतात आणि बाकी फाइलमधली मोकळी जागा तशीच पडून राहते. भरलेल्या पेजला जोडपेज लटकवत गेलात तर त्या भागातला शोध १३ वरून १५, २० असा हळूहळू चढतो. शोधाचे अ‍ॅक्सेस काही विशिष्ट क्रमांकांसाठीच वाढलेले दिसले तर दुखणं हेच समजा.

दुसरा उपाय जास्त ताकदीचा आहे. मुख्य फाइल सॉर्टेडच ठेवा, पण नव्या नोंदी तिच्यात घालूच नका. शेजारी एक छोटी हीप फाइल ठेवा, नव्या नोंदी तिच्या शेवटी जाऊ द्या. ती ठरावीक मापाची झाली की दोन्ही एकत्र करून नवी सॉर्टेड फाइल लिहा.

खर्च मोजू. छोटी फाइल ५० पेजांची झाली की विलीनीकरण, असं ठरवू. ५० पेजं म्हणजे १,००० नोंदी. विलीनीकरणात ५,००० अधिक ५० पेजं वाचायची, ५० पेजं मेमरीतच क्रमाने लावायची (ती सहज मावतात), आणि ५,०५० पेजं लिहायची. एकूण १०,१००. ऐकायला भला मोठा आकडा, पण तो १,००० इन्सर्टमध्ये वाटला जातो: प्रत्येकी सुमारे १०. त्यात नोंद टाकतानाचे २ मिळवले की १२. (अनन्यतेची तपासणी हवी असेल तर तिचा शोध वेगळा धरा.) ५,०१३ च्या जागी १२. क्रम राखणं मुळात महाग नव्हतं, प्रत्येक नोंदीला तो त्याच क्षणी राखण्याचा हट्ट महाग होता.

याची किंमत शोधात मोजावी लागते. मुख्य फाइलमध्ये १३, तिथे नाही मिळालं तर छोट्या फाइलची जास्तीत जास्त ५० पेजं, म्हणजे वाईटात वाईट ६३. छोटी फाइल १० पेजांची ठेवली तर शोध २३ च्या आत येतो, पण इन्सर्ट ५० च्या थोडं वर जातं. १०० पेजांची ठेवली तर इन्सर्ट ७ वर उतरतं, शोध ११३ पर्यंत चढू शकतो. आपल्या कामात शोध जास्त की इन्सर्ट, यावर माप ठरवायचं. छोटी फाइल मेमरीतच धरून ठेवता आली तर हा जादा खर्चही जातो, मात्र वीज गेली तर त्या नोंदी जाऊ नयेत म्हणून त्या लॉगमध्ये लिहाव्याच लागतात. १९९६ मध्ये ओ’नील आणि सहकाऱ्यांनी मांडलेला एलएसएम ट्री याच विचारावर उभा आहे, आणि लेव्हलडीबी, रॉक्सडीबी ही इंजिनं त्याच वाटेने चालतात.

विलीनीकरणाचा आणखी एक फायदा आकड्यांत दिसत नाही. जागच्या जागी सरकवताना मध्येच वीज गेली तर? वरच्या उदाहरणात पहिलं पेज लिहून झालं, ३० बाहेर पडला, दुसरं पेज लिहायच्या आधी यंत्र बंद पडलं. ३० ची नोंद गेली. विलीनीकरणात आपण नवी फाइल वेगळी लिहितो, ती पूर्ण झाल्यावरच जुनीच्या जागी आणतो. मध्ये काहीही झालं तरी जुनी फाइल धड असते. ‘पुसली’ खूण असलेल्या नोंदीही याच वेळी गाळायच्या, म्हणजे झाडलोटीचा वेगळा खर्च नाही.

अ‍ॅक्सेस म्हणजे वेळ नव्हे

आतापर्यंत प्रत्येक अ‍ॅक्सेस सारखाच धरला. फिरत्या हार्ड डिस्कवर तसं नसतं. मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या डिस्कची एक फेरी ८.३ मिलिसेकंदांची. भलत्याच ठिकाणचं पेज हवं असेल तर डोकं तिथे न्यायला आठ-नऊ आणि पेज खाली फिरून यायला सरासरी अर्धी फेरी, असे मिळून १३ मिलिसेकंद धरा. बायनरी सर्चच्या उड्या बहुतेक अशाच लांबच्या. १३ उड्या म्हणजे ०.१७ सेकंद. आपली हीप फाइल मात्र अवघी २० एमबीची. सलग वाचताना डिस्क सेकंदाला १५० एमबी देत असेल तर अख्खी फाइल ०.१४ सेकंदात वाचून होते, निम्मी ०.०७ मध्ये.

म्हणजे १३ विरुद्ध २,५०० अ‍ॅक्सेस, आणि तरीही घड्याळात हीप पुढे. मी पहिल्यांदा हा गुणाकार केला तेव्हा कुठेतरी चुकलोय असं वाटून तो तीनदा तपासला होता. तो बरोबर आहे. पण त्यावरून बायनरी सर्च निरुपयोगी असा निष्कर्ष काढू नका. फाइल शंभर पट वाढवा, ५,००,००० पेजं. बायनरी सर्चला १९ उड्या, पाव सेकंद. हीपला निम्मी फाइल, म्हणजे एक जीबी, जवळजवळ ७ सेकंद. एसएसडीवर तर उडीचा दंडच फार कमी, तिथे छोट्या फाइलीतही सॉर्टेडचीच सरशी होते.

शिवाय बायनरी सर्चच्या पहिल्या उड्या दर वेळी त्याच पेजांवर पडतात: मधलं पेज, मग पाव आणि पाऊण. पहिल्या आठ पायऱ्यांत येऊ शकणारी पेजं फक्त २५५, म्हणजे जेमतेम एक एमबी. वारंवार शोध होत असतील तर ती बफरमध्येच राहतात आणि डिस्कपर्यंत जाणारे अ‍ॅक्सेस १३ वरून ५ वर येतात. त्या वरच्या पेजांचे फक्त पहिले क्रमांक वेगळे काढून ठेवले तर? इंडेक्सची कल्पना नेमकी तिथून सुरू होते.

स्वतः मोजून पाहा

पोस्टग्रेसमधलं साधं टेबल हीपच असतं, त्यामुळे हीपचा हिशेब तिथे डोळ्यांनी पाहता येतो. मुद्दाम कुठलाही इंडेक्स किंवा प्रायमरी की न देता टेबल करा:

```sql
CREATE TABLE nondi (kramank int, mahiti text);
INSERT INTO nondi
  SELECT i, repeat('x', 150) FROM generate_series(1, 100000) i;
VACUUM ANALYZE nondi;
EXPLAIN (ANALYZE, BUFFERS)
  SELECT * FROM nondi WHERE kramank = 42424;
```

उत्तरात `Seq Scan` च्या खाली `Buffers: shared hit=... read=...` अशी ओळ येते. `hit` म्हणजे बफरमध्ये सापडलेली पेजं, `read` म्हणजे पोस्टग्रेसला बाहेरून मागवावी लागलेली. दोन्हींची बेरीज म्हणजे आपले पेज अ‍ॅक्सेस, आणि ती २,३०० च्या आसपास येईल. एक लाख नोंदींना ५,००० नाही, कारण इथे पेज ८ केबीचं आहे आणि एका पेजवर चाळीसहून थोड्या जास्त नोंदी बसतात. नोंद एकच आहे, तरी सगळी पेजं वाचली गेली, कारण क्रमांक अनन्य आहे हे आपण डेटाबेसला सांगितलेलंच नाही. शेवटी `LIMIT 1` जोडा, बेरीज निम्म्याहून खाली येईल: सापडताच थांबला.

आता भोकं पाडा:

```sql
DELETE FROM nondi WHERE kramank % 10 <> 0;
VACUUM nondi;
EXPLAIN (ANALYZE, BUFFERS)
  SELECT * FROM nondi WHERE kramank = 42420;
```

नऊ दशांश नोंदी गेल्या, पण पेजांची बेरीज तितकीच दिसेल. `VACUUM` ने जागा पुढच्या इन्सर्टसाठी मोकळी केली, पण प्रत्येक पेजवर चार-पाच नोंदी शिल्लक असल्याने एकही पेज परत दिलं नाही. एखाद्या जुन्या टेबलवर नोंदींच्या मानाने ही बेरीज फार मोठी दिसली तर हाच रोग आहे. `VACUUM FULL nondi;` चालवून तीच क्वेरी पुन्हा करा. टेबल नव्याने लिहिलं जातं, बेरीज २३० च्या आसपास उतरते. मात्र ते चालू असताना टेबलला पूर्ण कुलूप लागतं, वाचणारेही थांबतात, म्हणून वापरातल्या टेबलवर वेळ पाहूनच हात घाला.